उस्तादांच्या लेकीची बारा बोर

गेल्या रविवारी सकाळी परेडची कपडे-बूट आवरत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याकडून. माझे पहिले उस्ताद. रंगरूट असताना ज्यांनी मला रायफल धरायला शिकवलं, ते हवालदार मेजर साहेब. पेन्शन आल्यावर त्यांनी बारा बोरची डबल बॅरल घेतली आणि दहा-बारा वर्षं एका बँकेच्या दारात उभे राहिले. आपल्यातले निम्मे लोक हेच करतात, तुम्हाला सांगायला नको.

"राम राम, उस्ताद."

"राम राम. लेका, तू महूला आहेस ना? एक काम आहे. आमची धाकटी क्ले मारायचं म्हणतेय. ट्रॅप का काय ते. बावीस पूर्ण झाली, परवान्याचं बघता येईल. एनसीसीत पॉइंट टू-टू चांगली मारायची. मी म्हणतो, घरात बंदूक आहे तीच वापर. माझी फुल चोक आहे, लांबवर मारते. तिचा कोच म्हणतो वीस बोर घ्या, मुलगी आहे, हलकी पडेल. दुकानदार तिसरंच सांगतो. तू सांग."

मी त्यांना फोनवर अर्ध्या तासात जे सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितो. कारण हा प्रश्न मला वर्षात चार-पाच वेळा येतो. २००४ साली अथेन्सला आपल्या राज्यवर्धन सिंह राठोड साहेबांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य आणलं, तेव्हापासून फौजी घरांत शॉटगनचं नाव निघतं. पण बंदूक निवडताना आपण फौजी माणसं रायफलच्या डोक्याने विचार करतो आणि तिथेच चुकतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिली बंदूक चॅम्पियनकडे बघून घ्यायची नाही, आणि मारणाऱ्याचं वय किंवा लिंग बघूनही नाही. चकती किती मीटरवर फुटणार आहे ते बघून घ्यायची. बोर, नळीची लांबी आणि चोक, तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका आकड्यातून निघतात.

चकती कुठे फुटते

ट्रॅपमध्ये तुम्ही उभे असता तिथून पुढे १५ मीटरवर खंदक असतो. त्यात मशीन असतात. तुम्ही आवाज दिलात की चकती तुमच्यापासून दूर, वर चढत पळते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, ते आधी कळत नाही. सोडून दिली तर ती मशीनपासून ७६ मीटरवर जाऊन पडते. निघताना तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे असतो. नवशिक्याला ती दिसायला, बंदूक वळवायला आणि घोडा दाबायला पाऊण सेकंद तरी लागतो. तेवढ्यात ती आणखी वीसेक मीटर गेलेली असते. म्हणजे पहिला बार पडतो तेव्हा चकती तुमच्यापासून ३५ मीटरच्या आसपास असते. दुसरा बार मारायची वेळ आली तर ४० मीटर किंवा जास्त.

स्कीटचं गणित वेगळं. तिथे चकती समोरून आडवी जाते आणि साधारण २० मीटरच्या आत-बाहेर फुटते. उस्तादांच्या लेकीला ट्रॅप मारायचं आहे, म्हणून पुढचं सगळं ३५ मीटर धरून लिहितो. स्कीटचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

बारा की वीस

वीस बोर हलकी असते, म्हणून मुलीला, लहान चणीच्या माणसाला वीस बोर द्या, असं सगळीकडे ऐकू येतं. ऐकायला बरोबर वाटतं. पण खांद्याला विचाराल तर उत्तर उलटं येतं.

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे चालतात. बंदूक बारा बोरपेक्षा मोठी चालत नाही, लहान चालते. आता तेच २४ ग्रॅम, त्याच वेगाने, दोन बंदुकांतून मारून बघा. ट्रॅपची बारा बोर साधारण साडेतीन किलोची असते. वीस बोर पावणेतीन-अठ्ठावीसशे ग्रॅमची. पुढे जाणाऱ्या छऱ्यांचा धक्का सारखाच, पण मागे यायला वीस बोरमध्ये वजन कमी. हिशेब केला तर खांद्यावर येणारी धक्क्याची ताकद वीस बोरमध्ये जवळजवळ सव्वापट होते. एका बाराने काही कळत नाही. पण एका फेरीत २५ चकत्या असतात, सरावाला चार फेऱ्या झाल्या की शंभराच्या वर बार होतात. दुपारपर्यंत खांदा लाल, आणि संध्याकाळपर्यंत घोडा दाबायच्या आधी डोळा मिटायची सवय लागलेली. ही सवय सुटायला वर्ष जातं. रंगरुटांमध्ये आपण सगळ्यांनीच हे पाहिलंय.

मग वीस बोरमध्ये २१ ग्रॅमचं हलकं काडतूस वापरा, असं कुणी म्हणेल. वापरता येतं, धक्का कमी होतो. पण २४ ग्रॅममध्ये ट्रॅपचे २.४ मिलिमीटरचे छर्रे सुमारे ३०० बसतात, २१ ग्रॅममध्ये २६० च्या आसपास. शिकणाऱ्यालाच चाळीस छर्रे कमी का द्यायचे? ज्याचा निशाणा अजून पक्का नाही त्याला जास्त छर्रे हवेत. शिवाय हलकं काडतूस बारा बोरमध्येही मारता येतंच.

म्हणून बावीस वर्षांच्या धडधाकट मुलीला माझं उत्तर बारा बोर. वीस बोर मी फक्त एकाच ठिकाणी मान्य करतो: मूल इतकं लहान आहे की साडेतीन किलो हातात पेलून धरताच येत नाही. तिथे वजन हाच पहिला प्रश्न असतो.

आता उस्तादांच्या घरच्या बंदुकीचं. तीही बारा बोरच आहे, मग तीच का नको? एक तर ती तीन किलोची आहे, म्हणजे तोच धक्क्याचा हिशेब. दुसरं म्हणजे ती दारात उभं राहून वागवायला बनलेली बंदूक, दिवसाला शंभर बारांसाठी नाही. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची विलायती बंदूक आहे त्यांनी नीट वाचा. जुन्या बंदुकांचे चेंबर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असतात. आजचं काडतूस ७० मिलिमीटरचं. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण तोंड मुडपलेलं असताना ते आखूड असतं. बार झाल्यावर तोंड उघडतं आणि पुढच्या अरुंद भागात शिरून छऱ्यांची वाट अडवतं. दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं, असं नाही. आरमररकडून चेंबर मोजून घ्या, नळीवरचे शिक्के वाचून घ्या, मगच हात लावा.

नळी किती लांब

उस्ताद म्हणाले, "लांब नळी म्हणजे लांबवर मार, हे तरी खरं ना?" रायफलमध्ये त्यात थोडं तथ्य आहे. शॉटगनमध्ये जवळपास नाही. आजची दारू नळीच्या पहिल्या तिसऱ्या भागातच बहुतेक जळून जाते. पुढे एक इंच नळी वाढवली तर छऱ्यांचा वेग सेकंदाला दोनेक मीटरने वाढतो. ४०० च्या वेगात दोन. चकतीला त्याचा पत्ताही लागत नाही.

लांबीचा उपयोग हाताला आणि डोळ्याला होतो. पुढे वजन असलं की बंदूक एकदा वळायला लागली की वळत राहते, मध्येच थांबत नाही. ट्रॅपमध्ये चकती लांब पळत असते, कोन लहान असतात, तिथे असं सावकाश, सलग वळणं उपयोगी पडतं. म्हणून ट्रॅपला ७६ सेंटीमीटर, म्हणजे ३० इंच, ही नेहमीची लांबी. उंच, ताकदीचे लोक ८१ ची घेतात. स्कीटमध्ये चकती जवळून आडवी जाते, झटकन वळावं लागतं, तिथे ७१ सेंटीमीटर म्हणजे २८ इंचही पुष्कळ जण वापरतात.

वर-खाली नळ्यांची बंदूक आणि सेमी-ऑटो यांत एक फरक लक्षात ठेवा. सेमी-ऑटोचा मधला भाग लांब असतो, त्यामुळे तिची ७१ ची नळी म्हणजे एकूण लांबीत वर-खालीच्या ७६ पेक्षाही जास्त भरते. दुकानात दोन्ही शेजारी उभ्या करून बघा.

मग लेकीला ७६ झेपेल का? याला टेपची गरज नाही, भिंत पुरेशी आहे. रिकामी बंदूक घ्या, उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे दोघांनी बघा. घरात काडतूस नको. आता भिंत आणि छत जिथे मिळतं त्या रेषेवर नळीचं टोक ठेवा आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेषेवरून सरकवत न्या. वीस वेळा. शेवटच्या पाच वेळा टोक रेषेखाली झुकायला लागलं तर बंदूक पुढून जड आहे. रेंजवर अशी बंदूक हात थकले की थांबते आणि बार चकतीच्या मागे पडतो. उलट टोक रेषेच्या वर-खाली नाचत असेल तर बंदूक पुढून फार हलकी आहे. तिने वळवताना झटके बसतात.

झुकत असेल तर लगेच आखूड नळी घेऊ नका. आधी दस्त्याची लांबी बघा. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक बंदुका सहा फुटी माणसाच्या मापाच्या असतात. पाच फूट दोन इंचाच्या मुलीला दस्ता लांब पडला की तिचा पुढचा हात जास्त ताणला जातो आणि साधी बंदूकही जड वाटते. सुतारकामातला जाणकार माणूस दस्ता दोन-तीन सेंटीमीटर कापून देतो. कापलेला तुकडा जपून ठेवा, विकताना लागतो.

चोक: इथे सगळे चुकतात

नळीच्या तोंडाशी थोडी अरुंदी असते, तो चोक. बारा बोरची नळी आतून साडेअठरा मिलिमीटर. तोंड पाव मिलिमीटरने अरुंद केलं तर पाव चोक, अर्ध्याने हाफ, पाऊणने थ्री-क्वार्टर, एक मिलिमीटरने फुल. अजिबात अरुंद नसेल तर सिलिंडर. जितकी अरुंदी जास्त, तितके छर्रे जास्त वेळ एकत्र राहतात.

याचं मोजमाप ठरलेलं आहे. ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, ७६ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे पडतात ते मोजायचं. सिलिंडरचे ४०, पाव चोकचे ५५, हाफचे ६०, फुलचे ७०. आपलं ट्रॅपचं अंतर जवळपास हेच आहे, म्हणून हिशेब सरळ लागतो.

चकतीचा व्यास ११ सेंटीमीटर, जाडी अडीच. कडेने दिसते तेव्हा साधारण २५ चौरस सेंटीमीटरची पट्टी. ३०० छऱ्यांपैकी हाफ चोकने १८० वर्तुळात आले, तर सरासरी दर २५ चौरस सेंटीमीटरला एक छर्रा पडतो. ट्रॅपची चकती वर चढताना पोटही दाखवते आणि वर्तुळाच्या मध्यावर छर्रे दाट असतात, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन लागतात आणि ती फुटते. सिलिंडरने १२० च येतात. तिथे निशाणा बरोबर असूनही चकती छऱ्यांच्या मधून निघून जाते. म्हणून ट्रॅपला उघडा चोक चालत नाही.

मग फुल का नको? छर्रे तर जास्त येतात! इथे मी स्वतः काय भोगलं ते सांगतो. पहिल्यांदा ट्रॅपवर उभा राहिलो तेव्हा एका मित्राची जुनी बंदूक मागून घेतली होती. पंचवीसात आठ-नऊ फुटायच्या. ज्या फुटायच्या त्यांचा अगदी काळा धूर व्हायचा, आणि बाकीच्या तुकडाही न उडता निघून जायच्या. मला धुराचं फार कौतुक वाटायचं. एका जुन्या सुभेदार साहेबांनी चार दिवस पाहिलं आणि म्हणाले, "धूर बघून खूश होऊ नकोस. कागदावर मार."

दीड मीटरचे कागद लावले, मध्ये एक ठिपका, साडेछत्तीस मीटरवरून पाच कागदांवर एकेक बार. काडतूस तेच २४ ग्रॅमचं. प्रत्येक कागदावर छिद्रं जिथे सर्वांत दाट, तिथे केंद्र धरून ७६ सेंटीमीटरचं वर्तुळ काढलं आणि मोजत बसलो. २०६, १९८, २११, २०३, २०७. सरासरी २०५, म्हणजे ३०० पैकी ६८ टक्के. नळीवर खूण होती हाफची, आणि ती मारत होती जवळजवळ फुल!

कारण साधं आहे. ती बंदूक बनली तेव्हा काडतुसात नमद्याची चकती असायची. आता प्लास्टिकची वाटी असते, छर्रे तिच्यात बसून नळीतून जातात, घासून वेडेवाकडे होत नाहीत आणि एकत्र राहतात. त्यामुळे जुन्या नळीवर लिहिलेला चोक आजच्या काडतुसाने एक-दोन पायऱ्या घट्ट होतो. उस्तादांच्या फुल चोकचं काय होत असेल याचा अंदाज करा. माझ्या कागदांवर मधला भाग चाळणी झाला होता आणि वर्तुळाची कड जवळजवळ कोरी होती. चॅम्पियनला तेवढा मधला भाग पुरतो. मला पुरत नव्हता. माझा बार वीतभर चुकला की चकती कोऱ्या कडेत जायची.

नंतर ज्या बंदुकीने शिकलो तिचा हाफ कागदावर ५९ टक्के देत होता. काही आठवड्यांत पंधरा-सोळा फुटायला लागल्या. सगळं श्रेय चोकला नाही, हातही सुधारला होता. पण आता चुकायचो तेव्हा कडेचा तुकडा उडायचा आणि कळायचं की बार कुठल्या बाजूला गेला. शिकणाऱ्याला ही खबर धुरापेक्षा मोलाची. मात्र मध्यावर मारूनही सारखे तुकडेच उडत असतील, धूर कधीच होत नसेल, तर चोक फार उघडा आहे. ते ओळखायलाही पुन्हा कागदच.

म्हणून पहिल्या बारच्या नळीला हाफ, दुसऱ्या बारच्या नळीला थ्री-क्वार्टर. बदलता येणाऱ्या, स्क्रूच्या चोकची बंदूक घ्या, म्हणजे हात बसल्यावर घट्ट करता येईल, आणि उद्या स्कीट मारावंसं वाटलं तर उघडा चोक लावता येईल. स्कीटच्या १८-२० मीटरवर फुलचे छर्रे जेमतेम ४० सेंटीमीटरवर पसरतात, सिलिंडरचे ८० वर. व्यास दुप्पट, म्हणजे क्षेत्र चौपट. तिथे फुल चोक म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. स्क्रूच्या चोकची एक शिस्त मात्र पाळा: दर फेरीनंतर, बंदूक उघडून रिकामी केल्यावर, चोक घट्ट आहे का ते बघा, आणि चोक काढून नुसती नळी कधी मारू नका. आटे बसतात आणि नळी जाते.

उस्तादांना काय सांगितलं

वर-खाली नळ्यांची बारा बोर, ७६ सेंटीमीटर, साडेतीन किलोच्या आसपास, स्क्रूचे चोक. सेकंडहँड चालेल, चेंबर ७० मिलिमीटरचं असल्याची खात्री करून. पण सौदा करायच्या आधी भिंतीची परीक्षा आणि रेंजवर पाच कागद. विकणारा कागदावर मारू देत नसेल तर राम राम करून उठायचं. कागद मोजताना एक गोष्ट जास्त बघायची: छऱ्यांचं दाट केंद्र ठिपक्याच्या किंचित वर असावं. ट्रॅपची चकती चढती असते, बंदूक थोडी वर मारत असेल तर चकती नळीआड झाकावी लागत नाही. केंद्र डावीकडे किंवा उजवीकडे जात असेल तर दस्ता तिच्या मापाचा नाही, किंवा तिचा दुसरा डोळा वरचढ आहे. नळी दोषी ठरवण्यापूर्वी हे तपासायचं.

आणि पॉइंट टू-टूची सवय सोडायला सांगा, म्हणालो. एक डोळा मिटून, श्वास रोखून, थांबून मारलं की क्ले गेलीच. दोन्ही डोळे उघडे, नजर चकतीवर, नळी चालती ठेवून बार.

उस्ताद थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझी बंदूक कामाची नाही."

"उस्ताद, तिने दहा वर्षं तुमचं घर चालवलं. तिचं काम झालं."

"हं," म्हणाले. "कागद किती मोठे म्हणालास? दीड मीटर? मोजायला मी बसतो. मला काय दुसरं काम आहे."

काल रात्री त्यांचा मेसेज आला. एक सेकंडहँड बंदूक बघून आले, पाच कागद मारले, वही घालून बसले. सरासरी १८३. भिंतीवर लेक पंधराव्या वेळेला झुकली, दस्ता लांब आहे. मी म्हटलं, बंदूक घ्या आणि सुतार शोधा.

जय हिंद.